समोसा सादळला, दोष कुणाचा? कढईपासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंतचा हिशोब



आज एका फोनपासून सुरुवात करते. वेळ दुपारी चार वीसची. ताराबाई पार्कातल्या एका ऑफिसातून फोन आला. त्यांच्याकडे कुणाचा तरी वाढदिवस होता आणि आमच्याकडून ४० समोसे गेले होते. फोनवरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण समोसे आज चांगले नव्हते. पार लिबलिबीत झाले होते. निम्मे तसेच पडलेत."

रागावणार कशी? माझाच माल, माझंच नाव. पण डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. ते समोसे अकरा वाजता मी स्वतः झाऱ्यावर बघितले होते. चांगले खुसखुशीत, वाजणारे. मग अकरा ते चारमध्ये झालं काय?

मी विचारलं, "गरम केले होते का?" उत्तर आलं, "हो, आमच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह आहे ना. दहा-दहा घालून दोन-दोन मिनिटं फिरवले."

तुमच्यापैकी बरेच जण इथंच म्हणतील, सापडला चोर! मीही तसंच म्हटलं होतं. पण २० रुपये नगाप्रमाणे ८०० रुपयांची ती ऑर्डर मला जे शिकवून गेली, त्यात अर्धा दोष मायक्रोवेव्हचा निघाला आणि अर्धा माझ्या पॅकिंगचा. तळलेला माल विकणाऱ्या प्रत्येकानं दोन्ही बाजू समजून घ्याव्यात असं मला वाटतं, कारण गिऱ्हाईक माल घरी नेऊन गरम करणारच आहे आणि तिथं जे बिघडेल ते आपल्याच नावावर लागणार आहे.

आधी दोन समोसे समोरासमोर

दुसऱ्या दिवशी दुकानात एक साधी चाचणी केली. एकाच घाण्यातले दोन समोसे घेतले. दोन्ही तीन तास फ्रीजमध्ये ठेवलेले, वजन जवळजवळ सारखं. एक मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट फिरवला. दुसरा एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर आठ मिनिटं आणि मग १९० अंशांवर दोन मिनिटं ठेवला.

मायक्रोवेव्हवाला आतून इतका गरम की जीभ भाजेल. पण बोटानं दाबला तर पारी ओल्या पुठ्ठ्यासारखी खाली गेली. बशीवर खाली पाण्याचा ओला डाग. पाच मिनिटांनी थोडा निवल्यावर तीच पारी उलट चिवट झाली, दातानं ओढावी लागत होती. एअर फ्रायरवाल्यावर नखानं टिचकी मारली तर टक् असा कोरडा आवाज आला. मोडला तर पारीचा चुरा पडला.

आता गंमत बघा. मी दोन्ही पुन्हा काट्यावर ठेवले. दोन्ही समोसे चार-पाच ग्रॅमनं हलके झाले होते. म्हणजे पाणी दोन्हीतून उडालं होतं. मग एक सादळला आणि एक कुरकुरीत झाला, असं का? उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, किती पाणी गेलं यापेक्षा ते कुठून कुठं गेलं हे महत्त्वाचं.

पाणी कुठं जातं?

समोसा तळताना काय होतं ते आठवा. कढईत टाकला की बुडबुडे येतात. ते बुडबुडे म्हणजे पारीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. मंद आचेवर ते निवांत निघून जातं, बुडबुडे कमी होतात आणि पारी कोरडी, टणक, सोनेरी होते. कुरकुरीत म्हणजे दुसरं काही नाही, कोरडं. आत मात्र बटाटा आहे आणि बटाट्यात भरपूर पाणी आहे.

म्हणजे तुमच्या हातात एक कोरडी वस्तू आहे आणि तिच्या पोटात एक ओली वस्तू आहे. कढईतून बाहेर काढल्या क्षणापासून आतलं पाणी हळूहळू पारीकडे सरकायला लागतं. बाहेरची हवा दमट असेल तर ती बाहेरूनही पारीला ओलावा देते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पापड अन् भडंग उघडं ठेवलं तर तासाभरात सादळतं, तेच इथंही. समोसा दोन्हीकडून सादळत असतो.

आता यात मायक्रोवेव्ह काय करतो? त्याच्या लहरी मुख्यतः पदार्थातल्या पाण्याला तापवतात. समोशात पाणी जास्त कुठं? बटाट्यात. त्यामुळं सारण झपाट्यानं तापतं, त्याची वाफ होते आणि ती पारीतून बाहेर यायला बघते. पण मायक्रोवेव्हच्या आतली हवा तापलेली नसते. ती गारच असते. त्यामुळं बाहेर आलेली वाफ पारीवरच आणि बशीवर थंड होऊन पाणी बनते. पारी कोरडी करणारं तिथं काहीच नाही. उलट आपण समोसा आतून वाफवून घेतला. आणि मैद्यातला स्टार्च असा ओल्या वाफेत तापून पुन्हा थंड झाला की चिवट होतो. म्हणून पाच मिनिटांनी दातानं ओढायची वेळ येते.

हा काही यंत्राचा बिघाड नाही. १९४५ मध्ये अमेरिकेत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर या अभियंत्याच्या कामातून ही कल्पना पुढं आली, ती अन्न पटकन तापवण्यासाठी. भात, आमटी, भाजी यांना ओलावा हवाच असतो, तिथं तो उत्तम काम करतो. कुरकुरीत करणं हे त्याचं काम नव्हेच.

एअर फ्रायरचं उलटं. नावात फ्रायर आहे, पण तळत काही नाही. वर एक कॉइल, तिच्यावर जोराचा पंखा आणि खाली जाळीची टोपली. फिलिप्सनं २०१० मध्ये हे यंत्र बाजारात आणलं, पण तत्त्व फॅनच्या ओव्हनचंच आहे, फक्त छोट्या जागेत आणि जास्त वाऱ्यावर. गरम कोरडी हवा पारीवरून सतत वाहते आणि वर आलेला ओलावा लगेच उचलून नेते. पारी आधी तापते, आधी सुकते. शिवाय पारीत तळणीचं तेल मुरलेलंच असतं. ते पुन्हा तापतं आणि पारीला परत खुसखुशीत करतं. म्हणून तळलेला माल एअर फ्रायरमध्ये घालताना वरून तेलाचा ब्रश मारू नका, त्याची गरज नसते.

आता माझा दोष

मायक्रोवेव्हवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं माझ्या मनात होतं. पण आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "ताई, डबा उघडताना वाफ आली व्हती का इचारा की." मी फोन करून विचारलं. डबा उघडला तेव्हा झाकणाला आतून पाणी लागलेलं होतं. म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये जायच्या आधीच समोसे निम्मे सादळले होते.

आम्ही काय केलं होतं? घाणा काढला, पाच मिनिटंही निवू दिला नाही, गरमागरम प्लास्टिकच्या घट्ट डब्यात रचला आणि झाकण दाबलं. "गरम जावं" या हौसेपायी. पण गरम समोसा वाफ सोडतच राहतो. डब्यात ती वाफ जाणार कुठं? झाकणाला लागून पाणी होते आणि थेंब परत समोशावर. त्यात एकावर एक तीन थर. खालच्या थरावर वरच्यांचं वजन आणि वाफ, दोन्ही.

आपल्याकडे पूर्वी वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून द्यायचे, ते घरी जाईपर्यंत बऱ्यापैकी कडक राहायचे. कारण कागद तेल शोषतो आणि वाफ बाहेर जाऊ देतो. पण छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत ते स्पष्ट आहे. त्यावर आपण सगळे प्लास्टिकच्या डब्याकडे वळलो आणि शाईबरोबर कागदाचा गुणही घालवला. मधला मार्ग आहे: खाण्याच्या मालासाठी मिळणारी कोरी खाकी पिशवी किंवा भोकं असलेला पुठ्ठ्याचा बॉक्स.

आणि अजून एक चूक. अकरा वाजता तळून दिलेला बटाट्याचा माल चार वाजेपर्यंत बाहेरच होता. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नशिबानं कुणाला त्रास झाला नाही. पण कुरकुरीत करण्याच्या नादात हे विसरून चालणार नाही, कारण एअर फ्रायर सादळलेला समोसा दुरुस्त करतो, खराब झालेला नाही.

दुसरी ऑर्डर: ४० समोसे, चारला पोहोचवायचे

त्या मॅडमना मी म्हटलं, पुढच्या वेळी तेवढेच समोसे माझ्याकडून, पैसे नकोत, फक्त एक संधी द्या. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आता त्या दिवशी आम्ही काय केलं ते क्रमानं सांगते.

खरं तर साडेतीनला ताजे तळून देणं सगळ्यात चांगलं. जमत असेल तर तेच करा, पुढचं वाचायचीही गरज नाही. पण साडेतीनला आमची कढई संध्याकाळच्या वड्यात अडकलेली असते. म्हणून सकाळी तळून दुपारी ओव्हनमध्ये शेवटचा हात द्यायचा, असं ठरवलं.

सकाळी समोसे नेहमीसारखे मंद आचेवर तळले, पण पूर्ण सोनेरी व्हायच्या थोडं आधी, फिकट असतानाच काढले. पारी शिजलेली हवी, फक्त रंग थोडा कमी. कारण दुपारी ओव्हनमध्ये रंग अजून चढतो. सकाळीच गडद काढले तर दुपारी ते करपट होतात.

काढल्यावर परातीत ढीग केला नाही. तारेच्या जाळीवर एका थरात, एकमेकांना न टेकता मांडले, म्हणजे खालूनही हवा लागते. परातीत खालची बाजू स्वतःच्याच वाफेत बसते. पाऊण तासात ते पूर्ण निवले. मग कागद अंथरलेल्या ट्रेमध्ये, वरून सैल कागद टाकून फ्रीजमध्ये ठेवले. घट्ट झाकण नाही. आणि गरम असताना फ्रीजमध्ये नाही, नाहीतर तिथंही तीच वाफ, तेच पाणी.

दुपारी तीनला मोठा ओटीजी लावला. आमचा पंख्याचा आहे, साधारण दोन हजार वॉटचा. दहा मिनिटं १८० अंशांवर रिकामा तापवला. मग २० समोसे जाळीवर, बोटभर अंतर सोडून ठेवले. बारा मिनिटं. नऊ मिनिटांनी ट्रेची दिशा बदलली, कारण मागच्या कोपऱ्यात जास्त लागतं. एक समोसा मोडून मधोमध थर्मामीटर टोचला. ७५ अंशांच्या वर गेला की आतपर्यंत नीट गरम झाला असं आम्ही धरतो. मग दुसरे २०. सगळं मिळून अंदाजे ३६ मिनिटं लागली.

विजेचा हिशोब करू. दोन किलोवॉट गुणिले ०.६ तास म्हणजे १.२ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर साधारण साडेचौदा रुपये. ४० समोशांवर वाटले तर नगाला ३६ पैसे. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंद करतो, त्यामुळं थोडं कमीच येतं. तुमच्या बिलावरचा दर घालून तुम्ही तुमचा आकडा काढा.

ओव्हनमधून काढल्यावर पुन्हा पाच मिनिटं जाळीवर. या पाच मिनिटांत वाफेचा पहिला जोर निघून जातो. मग भोकांच्या पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये खाकी कागद घालून एका थरात भरले. चटणी वेगळ्या डबीत. रिक्षानं चारला दहा मिनिटं कमी असताना पोहोचले. पुन्हा गरम करायची वेळच आली नाही.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. त्यात एकच ओळ होती: "आज एकही उरला नाही."

मग एअर फ्रायर घ्यायचा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर: घरासाठी हो, दुकानाच्या ऑर्डरीसाठी नाही.

साधारण चार लिटरच्या टोपलीत पंजाबी आकाराचे पाच समोसे बसतात. ४० समोशांना आठ खेपा. एका खेपेला सात मिनिटं धरली तरी तासभर जातो आणि शेवटची खेप निघेपर्यंत पहिली पुन्हा मऊ पडायला लागलेली असते. घाई करून टोपलीत दहा कोंबले तर हवा फिरायला जागाच राहत नाही. मग ते एकमेकांच्या वाफेत बसतात आणि आपण महागड्या यंत्रात मायक्रोवेव्हचंच काम करतो. आमच्या मावशींनी दोन दिवस वापरून निकाल दिला, "मशीन बरं हाय, पण घाण्याला पुरत न्हाई."

काउंटरवर मात्र तो कामाचा आहे. दोन-तीन प्लेटांची मागणी असेल तर मोठा ओटीजी पेटवण्यापेक्षा पाच-सहा मिनिटांत काम होतं आणि वीजही कमी जाते.

नवं काही घ्यायच्या आधी मात्र तुमच्याकडच्या मायक्रोवेव्हचं पॅनेल एकदा वाचा. त्यावर 'कन्व्हेक्शन' लिहिलेलं असेल तर त्यात कॉइल आणि पंखा आधीपासूनच आहे. त्या बटणावर तो ओव्हनसारखा चालतो आणि समोसा कुरकुरीत करतो. दोन गोष्टी सांभाळा. त्या मोडवर आधी रिकामा तापवून घ्या. आणि प्लास्टिकचं भांडं अजिबात घालू नका, ते वितळतं. कितीतरी घरांत हे बटण आजवर कुणी दाबलेलंच नसतं.

आणि काहीजण अजून एक मार्ग वापरतात, त्याबद्दल स्पष्ट बोलते: उरलेला माल पुन्हा कढईत सोडणं. करू नका. दुसऱ्यांदा तळताना समोसा अजून तेल पितो, फुटलेल्या पारीचा चुरा तेलात पडून जळतो आणि तेल लवकर काळं होतं. तेल किती खराब झालं याला कायद्यानं मर्यादा आहे. टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. मग नगाला ३६ पैसे वाचवायला अख्खी कढई का बिघडवायची?

सगळा माल सारखा वागत नाही

समोशाची पारी जाड, मोहन घातलेली आणि सगळीकडून बंद. म्हणून तो परत चांगला उभा राहतो. कचोरीचंही तसंच. तिचं सारण कोरडं असतं, त्यामुळं ती तर समोशापेक्षाही सोपी.

कांदाभजी १८० अंशांवर तीन ते चार मिनिटांत मस्त होते, पण नजर ठेवावी लागते. कांद्याची टोकं आधी जळतात आणि कडू लागतात.

बटाटावड्याचं जरा नाजूक आहे. त्याचं बेसनाचं आवरण पातळ आणि आत बटाट्याचा मोठा गोळा. वाऱ्यावर आवरण लवकर सुकतं आणि तडकतं, तरी आत गारच राहतो. त्यासाठी एक जोडमार्ग आहे: आधी मायक्रोवेव्हमध्ये झाकण न घालता २० ते ३० सेकंद, म्हणजे पोटातला गारठा जातो. मग लगेच एअर फ्रायरमध्ये १७० अंशांवर चार मिनिटं, म्हणजे वर आलेली वाफ हवा उडवून नेते. क्रम उलटा केला तर सगळं फुकट जातं. तरीही ताज्या वड्याची मजा येत नाही हे मी मान्य करते. वडा मागणीप्रमाणेच तळा.

साबुदाणावडा यातला सगळ्यात हट्टी. निवला की साबुदाणा घट्ट होतो आणि वाऱ्यात तर दगड होतो. तो उरणार नाही एवढाच करा.

आणि पिझ्झा

आमच्याकडे संध्याकाळी पिझ्झाही असतो आणि तक्रार तीच: "घरी मुलानं गरम केला, चामड्यासारखा झाला." पिझ्झ्यात ओली वस्तू पोटात नसते, डोक्यावर असते: सॉस, भाज्या, चीज. रात्रभर तो ओलावा बेसमध्ये उतरतो. मायक्रोवेव्ह त्यालाच वाफवतो, म्हणून बेस आधी ओला अन् मग वातड होतो.

फ्रीजमधल्या तुकड्याला एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर चार मिनिटं पुरतात. तापमान वाढवलं तर चीज करपतं आणि बेस गारच राहतो. हलकी कोथिंबीर, कॅप्सिकमचे सुटे तुकडे पंख्याच्या वाऱ्यानं उडतात, ते चीजमध्ये दाबून बसवा. टोपलीत बटर पेपर घालायचा असेल तर वर पिझ्झा ठेवूनच घाला. रिकामा कागद उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. ओटीजी असेल तर ट्रे आतच तापू द्या आणि तापलेल्या ट्रेवर पिझ्झा ठेवा, २०० अंशांवर पाच-सहा मिनिटं. बेसला खालून उष्णता मिळणं हेच खरं काम.

आणि यंत्र नसेल तर? आपला लोखंडी तवा कुठं गेला? मंद आचेवर कोरड्या तव्यावर तुकडा दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा, खालची बाजू कडक होईल. मग एक मिनिट झाकण, म्हणजे चीज वितळेल. झाकण आधी घातलंत तर वाफ कोंडते. समोसाही तव्यावर होतो, तिन्ही बाजूंवर दोन-दोन मिनिटं टेकवून.

आमची पार्सलची चिठ्ठी

हे सगळं गिऱ्हाइकाला काउंटरवर कोण सांगत बसणार? म्हणून आम्ही प्रत्येक पार्सलवर एक चिठ्ठी चिकटवतो. शब्द तुमचे तुम्ही बदला, आमची अशी आहे:

घरी पोहोचताच पिशवी उघडा.
दोन तासांत खाणार नसाल तर निववून फ्रीजमध्ये ठेवा आणि उद्यापर्यंत संपवा.
एअर फ्रायर: बाहेरचा समोसा १७० अंश, ५ मिनिटं. फ्रीजमधला १६० अंश, ८ मिनिटं, मग १९० अंश, २ मिनिटं.
तवा: मंद आच, प्रत्येक बाजू २ मिनिटं.
फक्त मायक्रोवेव्ह असेल तर: झाकण न घालता ३० सेकंद, मग गरम तव्यावर.

'मायक्रोवेव्ह वापरू नका' असं आधी छापलं होतं. ते बदललं. ज्याच्याकडे तेवढंच आहे त्याला नुसतं 'नको' सांगून काय उपयोग? त्याला पुढची पायरी द्यायला हवी.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीवर नाही, ती आमच्या पाटीवर आहे. ओव्हनमधून परत काढलेला माल आम्ही 'ताजा तळलेला' म्हणून विकत नाही. 'सकाळी तळलेला, आत्ता ओव्हनमधून' असं सांगतो. आणि कालचा माल आज काउंटरवर येत नाही, कितीही टक् वाजला तरी. एअर फ्रायर आल्यापासून शिळा माल ताजा भासवणं फार सोपं झालंय. म्हणून ही रेघ दुकानदारानं स्वतःच ओढायला हवी.

आता तुमचं काम. आज संध्याकाळी तुमच्याच दुकानातलं एक पार्सल नेहमीसारखं बांधा आणि वीस मिनिटं बाजूला ठेवा. मग गिऱ्हाईक उघडतं तसं उघडा आणि झाकणाला आतून बोट लावा. बोट ओलं झालं तर ओव्हन घ्यायच्या आधी जाळी आणि कागदी पिशव्या घ्या. त्या समोशांची पहिली दुरुस्ती तिथंच आहे. काय सापडलं ते मला नक्की कळवा.